चोवीसपैकी शून्य: लहान नमुन्यातील प्रमाणाचा विश्वास अंतराल कसा लिहावा

प्रश्न: आमच्या द्राक्ष उत्पादक गटात या हंगामात ६० प्लॉट आहेत. त्यांपैकी २४ प्लॉटचे नमुने काढणीपूर्वी प्रयोगशाळेत तपासले. कीडनाशकांच्या कमाल अवशेष मर्यादेपेक्षा, म्हणजे एमआरएलपेक्षा, जास्त अवशेष एकाही नमुन्यात निघाले नाहीत. २ नमुन्यांत अवशेष मर्यादेच्या आत, पण निम्म्याहून जास्त निघाले. देशांतर्गत खरेदीदाराने दोन्ही आकड्यांसोबत ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मागितला आहे. एक्सेलमध्ये नेहमीचे सूत्र टाकले तर पहिल्याला ० ते ० येते आणि दुसऱ्याची खालची मर्यादा उणे येते. अहवालात काय लिहू?

उत्तर: नमस्कार. मी नाशिकमध्ये संख्याशास्त्रीय सल्ल्याचे काम करतो. अवशेष तपासणीचे अहवाल आणि वैद्यकीय प्रबंध या दोन्हींत हाच पेच माझ्यासमोर वारंवार येतो. सूत्र बदलले की आपली तातडीची अडचण सुटेल आणि ते सूत्र मी खाली देतोच. मात्र आपल्या बाबतीत खरा निर्णय सूत्राच्या आधीचा आहे. हा अंतराल आपण नेमका कशाबद्दल सांगणार आहात, या हंगामातील या ६० प्लॉटबद्दल की गटाच्या फवारणीच्या एकूण पद्धतीबद्दल? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात आणि फरक किरकोळ नाही.

प्रथम नेहमीचे सूत्र का कोसळते ते पाहू. त्या सूत्रात नमुन्यातील प्रमाण p घेऊन p(1−p)/n याचे वर्गमूळ काढतात, त्याला १.९६ ने गुणतात आणि येणारा आकडा p मध्ये मिळवून व वजा करून दोन टोके ठरवतात. यालाच वाल्ड पद्धत म्हणतात. p शून्य असेल तर वर्गमूळाखालील राशीही शून्य होते, म्हणून अंतराल ० ते ० येतो. शब्दशः घेतले तर त्याचा अर्थ असा होतो की चोवीस प्लॉट पाहून सर्व प्लॉटबद्दल पूर्ण खात्री झाली, आणि हे कोणीही मान्य करणार नाही. २४ पैकी २ या आकड्याला तेच सूत्र लावले की उणे २.७ ते १९.४ टक्के असे उत्तर मिळते. अनेक जण उणे टोक खोडून तेथे ० लिहितात आणि पुढे जातात, पण त्याने दोष जात नाही. जी पद्धत खालच्या टोकाला अशक्य आकडा देते, तिचे वरचे टोकही विश्वासार्ह नसते. अशा लहान प्रमाणांत ते बहुधा असायला हवे त्यापेक्षा कमी येते, म्हणजे खरेदीदाराला ज्या बाजूची काळजी आहे त्याच बाजूला चूक होते. नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढण्याची बूटस्ट्रॅप पद्धतही शून्याच्या बाबतीत उपयोगी पडत नाही, कारण चोवीस शून्यांतून कितीही वेळा काढले तरी शून्यच निघते.

म्हणून प्रश्न उलट बाजूने विचारावा लागतो. मर्यादा ओलांडणाऱ्या प्लॉटचे खरे प्रमाण अमुक असते, तर चोवीस नमुन्यांत एकही न सापडण्याची शक्यता किती असती? खरे प्रमाण ५ टक्के धरा. एक नमुना स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९५ आणि चोवीसही स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९५ चा चोविसावा घात, म्हणजे सुमारे २९ टक्के. वीस प्लॉटमागे एक प्लॉट सदोष असला, तरीही आपल्याला मिळाला तसा निकाल जवळजवळ तीनांत एक वेळा मिळाला असता. खरे प्रमाण १० टक्के धरले तर ही शक्यता ८ टक्क्यांवर येते, आणि १४.२ टक्के धरले तर बरोबर २.५ टक्क्यांवर. त्यापुढील प्रमाणे आपल्या निकालाशी फारच विसंगत ठरतात, म्हणून वरची मर्यादा १४.२ टक्के. क्लॉपर आणि पिअर्सन यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या अचूक पद्धतीचा गाभा हाच आहे. शून्याच्या बाबतीत तिचे सूत्र एका ओळीत मावते:

```
=1-0.025^(1/24)
```

नमुन्यात x घटना आढळल्या असतील तर एक्सेलमध्ये खालची आणि वरची टोके अशी काढावीत. x शून्य असताना पहिली ओळ त्रुटी दाखवते. तेव्हा खालचे टोक ० लिहावे.

```
=BETA.INV(0.025, x, n-x+1)
=BETA.INV(0.975, x+1, n-x)
```

२४ पैकी २ साठी यातून १.० ते २७.० टक्के मिळते. विल्सन यांच्या १९२७ च्या पद्धतीने तोच अंतराल २.३ ते २५.८ टक्के येतो आणि २४ पैकी ० साठी ० ते १३.८ टक्के. दोन्ही पद्धती प्रतिष्ठित आहेत. विल्सन पद्धतीत अंतरालाची व्याप्ती, म्हणजे खरे प्रमाण अंतरालात सापडण्याची शक्यता, सरासरीने ९५ टक्क्यांच्या जवळ राहते. अचूक पद्धतीत ती कधीही ९५ च्या खाली जात नाही, त्यामुळे अंतराल थोडा रुंद होतो. सुरक्षिततेचा दावा असेल तेथे मी अचूक पद्धत वापरतो, कारण तेथे धोका कमी दाखवण्यापेक्षा थोडा अधिक दाखवणे परवडते. सर्वेक्षणासारख्या कामात मी विल्सन पसंत करतो. एकाच तक्त्यात मात्र दोन पद्धती मिसळू नयेत. शून्य असेल तेथे एक आणि शून्य नसेल तेथे दुसरी, असे केले की दोन ओळींची तुलना करणाऱ्या वाचकाची फसगत होते.

येथे एकतर्फी आणि दुतर्फी अंतरालाचा मुद्दा येतो. घटना शून्य असताना खालचे टोक शून्यच असते, मग ९५ बाहेरचे पाचही टक्के दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे न वाटता वरच्याच बाजूला का देऊ नयेत असे विचारले जाते. तसे केले तर वरची मर्यादा ११.७ टक्के येते. ‘तीनाचा नियम’ म्हणून जो प्रसिद्ध आहे, म्हणजे शून्य घटनांसाठी वरची मर्यादा ३ भागिले n, तो याच एकतर्फी मर्यादेचा सोपा अंदाज आहे. हॅनली आणि लिपमन-हँड यांच्या १९८३ च्या लेखामुळे वैद्यकीय संशोधनात तो रुळला. २४ साठी त्याने १२.५ टक्के येते, अचूक ११.७ पेक्षा किंचित जास्त. तिशीच्या पुढे हा अंदाज चांगला जुळतो आणि तोंडी हिशेबाला फार सोयीचा आहे. दुतर्फी मर्यादेसाठी ३ ऐवजी ३.७ घ्यावे. एकतर्फी लिहिणे चूक नाही, पण तसे स्पष्ट नमूद करावे लागते, आणि निर्णय आकडे पाहण्याआधी व्हायला हवा. १४.२ पेक्षा ११.७ बरा दिसतो म्हणून तो निवडणे योग्य नाही. आपल्या तक्त्यात दुसरी ओळ दुतर्फी आहे, म्हणून पहिलीही दुतर्फीच ठेवावी.

आता मूळ निर्णयाकडे येतो. वरची सर्व गणिते असे गृहीत धरतात की आपण जणू अमर्याद मोठ्या समूहातून चोवीस नमुने काढले. आपल्याकडे तर एकूण प्लॉटच साठ आहेत आणि त्यांतील चोवीस, म्हणजे चाळीस टक्के, प्रत्यक्ष तपासले गेले आहेत. त्या चोवीस प्लॉटबद्दल नमुन्यांपुरती अनिश्चितता उरलेली नाही. जी काही आहे ती न तपासलेल्या छत्तीसांबद्दल आहे. खरेदीदार या हंगामात या साठ प्लॉटचा माल घेणार असेल, तर त्याला हवे असलेले उत्तर मर्यादित समूहाच्या गणिताने द्यायला हवे आणि ते अधिक अरुंद येते.

तर्क तोच ठेवायचा, पण घाताऐवजी एकामागून एक चिठ्ठी काढल्याचा हिशेब करायचा. साठांपैकी एकच प्लॉट सदोष असेल, तर तो आपल्या चोवीसांत न येण्याची शक्यता ३६/६०, म्हणजे ६० टक्के. दोन सदोष असतील तर दोन्ही निसटण्याची शक्यता ३६/६० गुणिले ३५/५९, म्हणजे ३५.६ टक्के. तीन असतील तर २०.९ टक्के. असेच पुढे गेल्यास पाच सदोष प्लॉटसाठी ६.९, सहांसाठी ३.९ आणि सातांसाठी २.२ टक्के मिळतात. दुतर्फी ९५ टक्क्यांसाठी सीमारेषा २.५ टक्के आहे. सहा सदोष प्लॉट अजून शक्य कोटीत आहेत, सात नाहीत. म्हणून अंतराल ‘६० पैकी ० ते ६ प्लॉट’, म्हणजे ० ते १०.० टक्के. एक्सेलमध्ये हे हायपरजॉमेट्रिक फलनाने पडताळता येते. तिसऱ्या जागेचा आकडा बदलत जावा आणि उत्तर ०.०२५ च्या खाली कधी जाते ते पाहावे:

```
=HYPGEOM.DIST(0, 24, 6, 60, FALSE)
=HYPGEOM.DIST(0, 24, 7, 60, FALSE)
```

दुसऱ्या आकड्यासाठी पहिल्या जागी २ आणि शेवटी TRUE लिहावे. तेरा प्लॉट धरले तर उत्तर ३.८ टक्के येते, चौदा धरले तर २.३. म्हणून वरचे टोक १३. खालचे टोक २ आहे, कारण दोन प्लॉट आपण प्रत्यक्ष पाहिलेच आहेत आणि एकूण दोनच असते तरी ते दोन्ही चोवीसांत येण्याची शक्यता १५.६ टक्के, म्हणजे पुरेशी मोठी आहे. म्हणजे ‘६० पैकी २ ते १३ प्लॉट’, ३.३ ते २१.७ टक्के. प्लॉटच्या संख्येत लिहिलेला अंतराल गटाच्या बैठकीतही चटकन समजतो, हा माझा अनुभव आहे. ‘१०.० टक्के’ यापेक्षा ‘जास्तीत जास्त सहा प्लॉट’ यावर चर्चा नीट होते.

एक गोष्ट खरेदीदाराला प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते कमाल सहा प्लॉट असलेच, तर ते सर्व न तपासलेल्या छत्तीसांतच असणार. त्या छत्तीसांपुरती वरची मर्यादा सहा भागिले छत्तीस, म्हणजे १६.७ टक्के होते. तपासलेल्या प्लॉटचा माल आधी आणि बाकीचा नंतर, अशी उचल ठरली असेल, तर दुसऱ्या टप्प्यासाठी १०.० नव्हे, १६.७ हा आकडा लागू पडतो.

याउलट दावा ‘आमच्या गटाच्या फवारणी पद्धतीने अवशेष मर्यादेत राहतात’ असा असेल, तर साठ प्लॉट हा संपूर्ण समूह उरत नाही. पुढच्या हंगामातील प्लॉट, वेगळा पाऊस, वेगळा रोगाचा दाब हे सगळे त्यात येते. तेथे ० ते १४.२ टक्के हा रुंद अंतराल द्यावा आणि तोही ‘हंगाम असाच राहिला तर’ या अटीवर. ज्या वर्षी फुलोऱ्यात अवकाळी पाऊस होऊन डाऊनी रोगासाठी फवारण्या वाढतात आणि शेवटची फवारणी काढणीच्या जवळ सरकते, त्या वर्षाबद्दल या वर्षीचे शून्य काहीच सांगत नाही.

यापुढील भाग आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तो आपल्यालाच ठाऊक आहे: चोवीस प्लॉट कसे निवडले? साठ प्लॉटची यादी समोर ठेवून, क्रमांक देऊन, चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने निवड झाली असेल, तर वरील हायपरजॉमेट्रिक अंतराल जसाच्या तसा लागू होतो. एकाच शेतकऱ्याचे तीन-चार प्लॉट असतात आणि तो सर्वांवर एकाच टाकीतून फवारतो, मग नमुने एकमेकांपासून स्वतंत्र कसे, अशी शंका येथे रास्त वाटते. पण निवड प्लॉटच्या यादीतून यादृच्छिक झाली असेल आणि दावा याच साठ प्लॉटबद्दल असेल, तर ही शंका आड येत नाही, कारण संपूर्ण गणित निवडीच्या यादृच्छिकतेवर उभे आहे आणि प्लॉट एकमेकांसारखे आहेत की नाहीत यावर ते अवलंबून नाही.

निवड आधी शेतकऱ्यांची आणि मग त्यांच्या सर्व प्लॉटची झाली असेल, तर चित्र पालटते. समजा चोवीस प्लॉट पंधरा शेतकऱ्यांचे आहेत. एकाची चूक त्याच्या सर्व प्लॉटवर दिसणार असेल, तर आपल्याकडे खरी माहिती पंधरा एककांची आहे. सामान्यतः गटांतर्गत साम्य आकडेवारीतून मोजून अंतराल त्या प्रमाणात वाढवतात, पण शून्याच्या बाबतीत तेही करता येत नाही, कारण सर्व निकाल सारखे असल्याने साम्य मोजायला काही हाती राहत नाही. अशा वेळी मी सावध बाजू घेतो आणि शेतकरी हे एकक धरून १५ पैकी ० असे लिहितो. पहिल्या, म्हणजे अमर्याद समूहाच्या द्विपद गणिताने वरची मर्यादा २१.८ टक्के शेतकरी अशी येते. आकडा मोठा दिसतो, पण पुराव्याचे खरे वजन तेवढेच आहे.

आणि ज्यांनी स्वतःहून नमुने दिले त्यांचेच प्लॉट तपासले असतील, किंवा पॅकहाऊसच्या रस्त्यालगतचे सोयीचे प्लॉट घेतले असतील, तर कोणताही अंतराल लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने काढणीपूर्व प्रतीक्षा काळ नीट पाळला, तोच नमुना द्यायला पुढे येतो. त्या चोवीसांवरून उरलेल्या छत्तीसांबद्दल बोलण्याचा आधार नाही आणि अंतराल लिहिला की तो आधार असल्याचा भास निर्माण होतो. अशा अहवालात ‘२४ प्लॉट तपासले, एकही मर्यादेबाहेर नाही, निवड यादृच्छिक नव्हती’ एवढेच लिहावे आणि खरेदीदाराला तसे सांगावे.

‘शून्य’ कशाचे शून्य आहे, हेही अहवालात लिहा. मर्यादेपेक्षा जास्त न निघणे आणि अवशेष मुळीच न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या गटाच्या बाबतीत दुसरी तर खरीही नाही, कारण दोन नमुन्यांत निम्म्या मर्यादेच्या वर अवशेष आहेत. किती रसायनांसाठी तपासणी झाली तेही नोंदवावे, कारण यादीत नसलेल्या रसायनाबद्दल प्रयोगशाळेने काहीच म्हटलेले नाही. ‘निम्म्याहून जास्त’ ही सीमा निकाल हाती येण्यापूर्वी ठरली होती का, हेही लिहावे. निकाल पाहून सीमा ओढली असेल, तर २४ पैकी २ हा आकडा केवळ वर्णन म्हणून द्यावा, त्याला अंतराल जोडू नये.

निवड यादृच्छिक झाली होती असे धरून मी अहवालातील परिच्छेद असा लिहीन:

> गटातील ६० प्लॉटपैकी २४ प्लॉट यादृच्छिक पद्धतीने निवडून काढणीपूर्वी तपासण्यात आले. कमाल अवशेष मर्यादा ओलांडणारा एकही प्लॉट आढळला नाही (२४ पैकी ०). ६० प्लॉटच्या समूहासाठी ९५ टक्के दुतर्फी अचूक विश्वास अंतराल ० ते ६ प्लॉट (० ते १०.० टक्के) आहे. मर्यादेच्या निम्म्याहून अधिक, परंतु मर्यादेच्या आत अवशेष असलेले २ प्लॉट आढळले (८.३ टक्के), त्याचा अंतराल २ ते १३ प्लॉट (३.३ ते २१.७ टक्के) आहे. दोन्ही अंतराल हायपरजॉमेट्रिक वितरणावर आधारित असून ते केवळ या हंगामातील या प्लॉटना लागू आहेत.

यात छेद आणि अंश दोन्ही आहेत, पद्धतीचे नाव आहे, दुतर्फी असल्याचा उल्लेख आहे आणि समूह कोणता ते सांगितले आहे. नुसते ‘० टक्के’ कधीही लिहू नये. २४ पैकी ० आणि २४०० पैकी ० या दोन्हींचे टक्के सारखेच, पण पुराव्यात जमीन-अस्मानाचा फरक. टक्केवारीला एकापेक्षा जास्त दशांश स्थळे देण्याचेही येथे कारण नाही.

आपल्या लवकरच लक्षात येईल की खरेदीदाराचे ‘जास्तीत जास्त सहा’ याने समाधान होईलच असे नाही. त्याला पाच टक्क्यांची, म्हणजे साठात तीन प्लॉटची हमी हवी असेल, तर नमुन्यांची संख्या हंगामापूर्वी ठरवावी लागेल. चार सदोष प्लॉट असताना सर्व निसटण्याची शक्यता २.५ टक्क्यांखाली यायला हवी, आणि ती छत्तीस नमुने घेतल्यावर येते (२.२ टक्के, पस्तीसांना ती २.६ राहते). पुढच्या हंगामात ऑक्टोबर छाटणी झाली की प्लॉटची यादी पक्की करून त्याच वेळी छत्तीस क्रमांक काढून ठेवावेत. कोणत्या शेतकऱ्याचा प्लॉट निवडला गेला हे नमुना घेण्याच्या दिवसापर्यंत जाहीर करू नये, नाहीतर फवारणीचे वेळापत्रक त्या छत्तीसांपुरतेच सुधारेल. छत्तीसांत एकही मर्यादेबाहेर निघाला नाही, तर अंतराल ० ते ३ प्लॉट येईल. एक निघाला, तर १ ते ६. या वर्षी आधीच शून्य आले आहे म्हणून आणखी बारा नमुने याच हंगामात जोडावेत का, असे खरेदीदाराने विचारले, तर न तपासलेल्या छत्तीसांतून ते बारा पुन्हा यादृच्छिकच काढावेत आणि ही भर पहिला निकाल पाहून घातली आहे, हे अहवालात नमूद करावे.